दरांचा तक्ता, सरकती चौकट आणि जागेवर थांबणारा पहिला रकाना : आपल्या अभिप्रायास उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (दोन तारे) : "मोबाईलवर दरांचा तक्ता आधी अर्धाच दिसायचा. आता सरकतो, पण मालाचे नावच निघून जाते, त्यामुळे कोणता दर कशाचा ते कळत नाही आणि गिऱ्हाईक फोन करून विचारतात. वरची शीर्षकेही थांबत नाहीत. कार्डं करून द्या म्हटले तर ऐकले नाही. कळंबोलीत उन्हात उभा असलेला माणूस बोटाने तक्ता सरकवत बसणार आहे का?"

नमस्कार साहेब,

आपला अभिप्राय वाचल्यावर आमच्या ठाण्याच्या कार्यालयात आम्ही आपल्या संकेतस्थळावरील लोखंडी मालाचे दरपत्रक फोनवर उघडून पाहिले आणि नंतर संगणकावर त्याची रचना तपासली. आपण ज्या दोन अडचणी एकामागोमाग एक सांगितल्या आहेत, त्यांचे मूळ एकच आहे. दिवाळीच्या सजावटीच्या वेळी आपल्याकडील मंडळींनी तक्त्याला गोल कोपरे दिले आणि त्यासाठी आमच्या सरकत्या चौकटीच्या आत, तक्त्याभोवती आणखी एक डबा घातला. या डब्यावर `overflow: hidden`, म्हणजे बाहेर जाणारा भाग कापून टाकण्याची सूचना, लिहिलेली आहे, कारण त्याशिवाय तक्त्याचे चौकोनी कोपरे गोलाईच्या बाहेर डोकावतात. परंतु फोनच्या रुंदीत बसणारा हा डबा नऊ रकान्यांच्या तक्त्याचा उजवीकडचा भाग कापून टाकू लागला आणि बाहेरच्या चौकटीला सरकवण्यासारखे काही उरलेच नाही. आपल्याला तक्ता अर्धा दिसत होता तो यामुळे. त्यावर उपाय म्हणून कोणीतरी त्याच डब्याला `min-width: max-content` लावले. डबा तक्त्याइतका रुंद झाला, सरकणे सुरू झाले, आणि त्याच क्षणी मालाच्या नावाचा रकाना सुटला.

तो का सुटला, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढच्या सणाला पुन्हा सजावट होईलच. पहिल्या रकान्यातील प्रत्येक घराला आम्ही `position: sticky` आणि `left: 0`, म्हणजे डाव्या कडेला चिकटून थांबण्याची सूचना, दिलेली आहे. असे घर पडद्याच्या कडेला चिकटत नाही. ब्राउझर त्या घराला वेढणारा एकेक डबा, म्हणजे पालक, आतून बाहेर पाहत जातो आणि ज्या पहिल्या पालकाचा `overflow` हा `hidden`, `auto` किंवा `scroll` आहे, त्याच्या कडेशी त्या घराला बांधतो. तो पालक प्रत्यक्षात सरकतो की नाही, याची चौकशी ब्राउझर करत नाही. आपल्या पानावर हा पहिला पालक म्हणजे गोल कोपऱ्यांचा डबा ठरला. सरकते ती त्याच्या बाहेरची चौकट, आणि डबा स्वतः आतल्या तक्त्यासकट तिच्याबरोबर वाहत जातो. नावाचा रकाना डब्याच्या डाव्या कडेला इमाने इतबारे चिकटलेला आहे, पण ती कडच पडद्याबाहेर गेलेली असते.

उपाय लहान आहे. आतला डबा काढून टाकायचा आणि गोलाई सरकत्या चौकटीलाच द्यायची. चौकटीवर `overflow` आधीपासून असल्यामुळे कोपरे आपोआप कापले जातात.

```css
.dar-chaukat {
  overflow-x: auto;
  border-radius: 12px;
}
.dar-chaukat table {
  width: max-content;
  min-width: 100%;
  border-collapse: separate;
  border-spacing: 0;
}
.dar-chaukat tr > :first-child {
  position: sticky;
  left: 0;
  background: #fff;
}
```

यातील `background` ही ओळ सजावटीच्या वेळी सर्वांत आधी बळी पडते. चिकटलेल्या नावाच्या खालून बाकीचे आकडे सरकत असतात, म्हणून त्या घराचा रंग पूर्ण अपारदर्शक असावा लागतो. एकाआड एक ओळींना दिलेला सध्याचा फिकट पिवळा रंग अर्धपारदर्शक आहे आणि तो पहिल्या रकान्यालाही लागला आहे, त्यामुळे नाव जागेवर राहिले असते तरी त्याच्यातून दर दिसले असते. आम्ही त्याच छटेचा अपारदर्शक रंग निवडला आहे. `border-collapse: separate` चे कारणही असेच आहे. `collapse` ठेवले तर रेघा घरांच्या मालकीच्या न राहता तक्त्याच्या होतात आणि नाव थांबते, पण त्याच्या कडेची रेघ तक्त्याबरोबर निघून जाते. पुढे कधी शंका आली, तर फोनवर तक्ता सरकवून एवढेच पाहावे : नाव आकड्यांच्याच वेगाने निघून गेले, तर मध्ये कुठेतरी `overflow` असलेला डबा शिरला आहे. नाव थांबले पण गिचमीड दिसली, तर रंग तपासावा.

आता कार्डांविषयी. त्यास नकार देण्यामागे काम टाळण्याचा हेतू नव्हता. एकेका मालाचे वेगळे कार्ड केले, तर एका मालाची सगळी माहिती सुटसुटीत दिसते हे खरे आहे. परंतु आपल्याकडे येणारा ठेकेदार एका मालाची माहिती वाचायला येत नाही, तो तुलना करायला येतो. 10 मिमीची 12 मीटर लांब सळई सुमारे 7.4 किलो भरते आणि 12 मिमीची तेवढीच सळई सुमारे 10.7 किलो. त्याला हे दोन आकडे, त्यांचे दर आणि शिल्लक एकाखाली एक पाहून मनातल्या मनात हिशेब करायचा असतो. तक्त्यात या दोन ओळी एकमेकींना लागून असतात. कार्डांत प्रत्येक मालाखाली आठ ओळी येतात, पडद्यावर जेमतेम दोन कार्डे मावतात, आणि 8 मिमीची तुलना 16 मिमीशी करायची तर वरखाली येरझाऱ्या घालाव्या लागतात. वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष 2018 साली सुधारून आले, त्यांतही मजकूर अरुंद पडद्यावर आडवा न सरकवता वाचता यावा अशी अट आहे, मात्र ज्यांचा अर्थच आडव्या-उभ्या मांडणीवर अवलंबून असतो अशा आकड्यांच्या तक्त्यांना तीतून सूट दिलेली आहे. तेव्हा आडवे सरकवणे हा आपल्या तक्त्याचा दोष नव्हे. सरकवताना ओळीचे नाव हरवणे हा मात्र निश्चित दोष आहे, कारण मग 12 मिमीचे वजन 10 मिमीचे समजून मागणी नोंदवली जाऊ शकते.

बोटाने सरकवणे कमीत कमी लागावे यासाठी जागेचा हिशेब आम्ही पुन्हा केला. पुष्कळशा अँड्रॉइड फोनांत पानाला 360 पिक्सेल रुंदी मिळते. दोन्ही बाजूंचे समास वजा जाता 328 उरतात. "एमएस अँगल 50×50×6" हे नाव एका ओळीत ठेवल्यामुळे पहिला रकाना निम्मी जागा खात होता आणि त्याच्या शेजारी धड दोन रकानेही दिसत नव्हते. आता नाव दोन ओळींत मोडू दिले आहे आणि रकाना 110 पिक्सेलचा केला आहे. उरलेल्या 218 मध्ये 84 पिक्सेलचे दोन रकाने पूर्ण दिसतात आणि तिसरा मध्येच कापलेला दिसतो. तो कापलेला दिसावा असेच आम्ही मुद्दाम ठरवले आहे. फोनवर आडवी सरकपट्टी हात लावेपर्यंत लपलेली असते, त्यामुळे रकाने नेमके कडेला संपले तर पुढे काही आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अर्धवट दिसणारे ते शीर्षकच सरकवण्याची सूचना देते.

वरच्या शीर्षकांच्या बाबतीत आपली अपेक्षा रास्त आहे, पण ती आपण म्हणता त्या रीतीने पुरी होणार नाही. `overflow-x: auto` लिहिले की ब्राउझर उभ्या दिशेचा `overflow` देखील स्वतःहून `auto` करतो. म्हणजे शीर्षकांना `top: 0` दिले तरी ती पानाच्या माथ्याशी न चिकटता चौकटीच्या माथ्याशी चिकटतात, आणि चौकट तक्त्याइतकीच उंच असल्याने ती पानाबरोबर वर निघून जातात. चौकटीला ठरावीक उंची दिली, तर शीर्षके थांबतील. मात्र त्या वेळी पानाच्या आत दुसरे उभे सरकणारे पान तयार होते, बोट तक्त्यावर पडले की आधी तक्ताच सरकतो आणि खालचा पत्ता व फोन नंबर गाठताना माणूस वैतागतो. हे आम्ही एका जुन्या फोनवर करून पाहिले आणि सोडून दिले.

त्याऐवजी एका लांब तक्त्याचे मालानुसार चार तक्ते केले आहेत : टीएमटी सळई, अँगल, चॅनल आणि पाइप. प्रत्येकाला स्वतःची शीर्षके आहेत आणि प्रत्येक तक्ता साधारण एका पडद्यात मावतो, त्यामुळे शीर्षके चिकटवण्याची गरजच उरत नाही. यात एक उणेपण आहे, तेही सांगतो. चारही तक्ते स्वतंत्रपणे सरकतात, म्हणजे सळईचा दर पाहून अँगलकडे गेल्यावर तो तक्ता पुन्हा सरकवावा लागेल. सळई आणि अँगल यांची आपसांत तुलना सहसा कोणी करत नाही, म्हणून आम्हाला ही तडजोड मान्य करण्यासारखी वाटते.

दृष्टिहीन व्यक्तींचे वाचक सॉफ्टवेअर आणि माऊसऐवजी कीबोर्ड वापरणारे लोक यांच्यासाठी प्रत्येक चौकटीला नाव आणि `tabindex="0"` दिलेले आहे, जेणेकरून बाणांच्या कळांनीही ती सरकवता यावी. सजावट करणाऱ्यांनी हे काढू नये. तसेच मूळ `table` ला `display: block` लावून चौकट वाचवण्याची जी युक्ती काही जण वापरतात, तीही टाळावी, कारण तिच्यामुळे काही ब्राउझरांत वाचक सॉफ्टवेअरला तो तक्ता आहे हेच समजेनासे होते.

हे सगळे बदल चाचणी प्रतीवर केलेले आहेत आणि तिचा दुवा आपल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला आहे. मूळ पानावर घालण्यापूर्वी आपल्याकडून एका गोष्टीचा निर्णय हवा आहे. सध्या नावानंतर लगेच "किलो प्रति मीटर" हा रकाना येतो आणि किलोचा दर पाचवा आहे. न सरकवता जे दोन रकाने दिसतात, त्यांत दर आणि शिल्लक असावेत असे आमचे मत आहे, म्हणजे कळंबोलीत उन्हात उभ्या असलेल्या माणसाला बहुतेक वेळा बोट फिरवावेच लागणार नाही. परंतु आपले नेहमीचे ठेकेदार आधी वजन पाहतात की आधी दर, हे आपल्या गादीवर बसणाऱ्यालाच नेमके ठाऊक असणार. आपण क्रम कळवलात की त्याच दिवशी पान बदलून देऊ.