सरळ उभी राहा ना गं!

मांजरपाटाचा ट्रायल ब्लाउज घालून, पाठीला तीसेक टाचण्या टोचून, मान वळवून वळवून आरशात बघत होते आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. कात्री मागायला शेजारच्या काकू. कात्री दिली, पण काकू काही गेल्या नाहीत. माझ्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या.

"काय गं, हे असं का चुरगळलंय?"

म्हटलं, "काकू, चुरगळलं नाहीये, चुण्या पडतायत, पॅटर्न दुरुस्त करायचाय."

"पॅटर्न कशाला? तू सरळ उभी राहा ना! खांदे मागे घे. आणि ही कंबर अशी आत का गेलीये, पोट पुढे सोडू नकोस. हां, बघ! गेल्या चुण्या!"

आणि खरंच गेल्या हो! हाच तर राग आहे. म्हणजे आता ब्लाउज फिट व्हायला मी आयुष्यभर परेडला उभी राहायचं का? श्वास सोडला की खांदे पुढे आले आणि चुण्या परत हजर. ट्रायल नेहमी आपण एरवी उभे राहतो तसंच, अगदी पोक काढत असलो तर पोक काढून द्यायची असते, हे काकूंना सांगितलं तर म्हणतात, "म्हणजे पोकाचंच माप घ्यायचं?" हो काकू, पोकाचंच.

तर माझी आधीची चूक अशी की पाठीवरच्या सगळ्याच चुण्या मी एका खात्यात टाकल्या होत्या. कंबर आत, मग मागचं कापड लांबीला जास्त होणार आणि कमरेवर गोळा होणार, एवढंच डोक्यात. म्हणून कमरेवर अडीच सेंटीमीटर आडवी टक घेऊन बसले. झालं काय, मागची खालची कड पुढच्यापेक्षा वर चढली आणि खांद्याकडे जाणाऱ्या तिरप्या चुण्या होत्या तिथेच, मजेत!

काकूंनी तोवर खुर्ची ओढून घेतली होती. "ह्या तिरप्या वेगळ्याच दिसतायत गं," असं म्हणत एक चुणी बोटाने खेचून बघितली. ताठ होती, दोरीसारखी. कमरेजवळची मात्र मऊ, लोंबती. हे मला आधी दिसायला हवं होतं. मऊ आडवी घडी म्हणजे कापड जास्त, ती चिमटीत धरली की संपते. ताठ तिरपी रेघ म्हणजे कुठेतरी कापड कमी पडतंय, आणि ती जिथून निघते तिथेच बहुतेक दुखणं असतं. माझी खांद्याच्या टोकाकडे बोट दाखवत होती. काकूंना शिवणातलं ओ की ठो कळत नाही, तरी त्यांनाच आधी दिसलं, हे अजून पचलेलं नाही.

मग कमरेची टक सोडली आणि आधी खांदा घेतला, कारण अख्खा ब्लाउज लटकतो खांद्यावरच. खांद्याची शिवण मुंढ्याकडून उसवली तर मागच्या तुकड्यात फट पडली आणि पुढचं कापड वर उरलं. फट टाचण्यांनी मोजली, १.२ सेंटीमीटर. पॅटर्नवर पुढच्या भागाच्या खांद्याच्या टोकाला तेवढं कमी केलं, गळ्याकडे शून्य करत नेलं, आणि मागच्या भागाला तेवढंच वाढवलं. बाहीची वरची खूणही १.२ पुढे सरकवली, नाहीतर बाही पिळते. (शिलाईला माया म्हणून कापड सोडतो, बाकी मायेचं फार काही नव्हतं त्या दुपारी.)

खांदा बसला तशा तिरप्या चुण्या गेल्या. कमरेवर उरलेलं कापड आता १.५ सेंटीमीटर निघालं. मागच्या पॅटर्नवर कमरेशी, मधल्या रेषेपासून तेवढी आडवी घडी घातली आणि बाजूच्या शिवणीपर्यंत शून्यावर आणली, म्हणजे बाजूच्या शिवणी पुढच्या भागाशी जुळतात. पण ह्यात मागची मधली रेघ कमरेशी मोडते, म्हणून कापड दुमडून पाठ अखंड कापायचा नाद सोडला आणि पाठीला मधोमध शिवण घेतली.

ही तयार पॅटर्नं कोणत्या बाईवर बेततात देव जाणे. खांदे आणि कंबर माझी, रोज वापरतेय मी ती, आणि 'दुरुस्ती' म्हणे माझीच.

दुसऱ्या ट्रायलला काकू कात्री परत द्यायला आल्या. पाठ अगदी सपाट बसलेली. गोल फिरून बघितलं, समाधानाने मान डोलावली.

"बघ! म्हटलं होतं ना मी? राहिलीस की नाही सरळ उभी!"