‘चार चुका आणि नापास’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅलिफोर्नियाच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये एक गंभीर चूक झाली तरी थेट नापास करतात, या नियमाच्या बाजूनं मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली:

“माझा मुलगा कॅलिफोर्नियात ड्रायव्हिंग टेस्टला बसला. पंधरा चुका चालतात, त्याच्या फक्त चार. तरी एका स्टॉप साइनवर गाडी पूर्ण थांबली नाही म्हणून नापास. चौदा चुकांवाला पास आणि चारवाला नापास, हे कुठलं गणित? तुम्ही मात्र त्या नियमाची आरती ओवाळताय. कोल्हापुरात बसून अमेरिकेचं शिकवू नका. परीक्षकाच्या मर्जीचा खेळ आहे सगळा.”

साहेब, मतभेद असू द्यात, पण ‘आरती ओवाळताय’ ही काय भाषा झाली? आणि कोल्हापुरात बसून म्हणजे काय? माझे वडील एसटीवर चालक होते. मी स्वतः ताराबाई पार्कातल्या रस्त्यांवर पोरांना गाडी शिकवत आलोय. त्यातली कितीतरी पुढे परदेशी गेली आणि तिथल्या टेस्टचा कागद आजही मला पाठवून विचारतात, सर, ही खूण कसली? ते कागद वाचूनच मी लिहितो. टेस्टच्या दडपणाखाली चांगला हातही चुकतो, हे मात्र मान्य. तेवढं तुमचं बरोबर.

आता गणित. तुम्ही विचारलंय म्हणून करूनच दाखवतो. समजा, स्टॉप साइन मोडली की थेट नापास न करता पाच चुका धरायच्या. म्हणजे बाकी गाडी सुरेख चालवणारा माणूस तीन चौक न थांबता ओलांडेल, त्याच्या पंधरा चुका होतील आणि तो लायसन्स घेऊन घरी जाईल. पाच कमी वाटतात? आठ धरा. तुमच्या मुलाच्या चार आणि या आठ, बारा झाल्या, तो पास. पण मग प्रत्येकाला एक चौक मोडायची मुभा मिळाली. ती मुभा बंद करायची तर एका वेळेला सोळा धराव्या लागतील, आणि सोळा म्हणजे नापासच. फिरून आपण आहे त्याच नियमावर आलो.

बेरीज चालते ती किरकोळ चुकांना. वळण जरा रुंद घेतलं, ब्रेक झटक्यानं लागला, अशा चुका हात अजून कच्चा असल्याचं सांगतात, आणि त्या किती वेळा झाल्या यावरून तो किती कच्चा ते कळतं. गंभीर चुकांची चौकट वेगळीच आहे. तिथं स्टॉप साइन किंवा सिग्नल मोडणं येतं, टाळता येण्यासारखी धडक येते, आणि परीक्षकाला मध्ये पडावं लागणंही येतं. त्यानं स्टिअरिंगला हात लावायलाच हवा असं नाही, ‘थांब!’ असं तोंडानं सांगून अपघात टाळावा लागला तरी ते धरतात. इथं प्रश्न एवढाच असतो, की अपघात तुम्ही टाळलात की दुसऱ्या कुणी टाळला? पार्किंग कितीही देखणं केलं तरी त्याची भरपाई होत नाही.

मुलाचं काय झालं असेल याचा मला चांगला अंदाज आहे, कारण आपल्याकडून गेलेल्यांचं हेच होतं. इथं दाभोळकर कॉर्नरला आपण कसे जातो? क्लच अर्धा दाबून, दुसऱ्या गिअरवर, समोरच्याचा अंदाज घेत. तीच सवय पायात राहते. तिथं बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक. ब्रेकवरचा पाय नुसता सैल झाला तरी गाडी आपोआप पुढं सरकते. चालवणाऱ्याला वाटतं आपण थांबलो होतो, पण चाक फिरतच असतं. अशी सरकती गाडी तिथं थांबलेली धरत नाहीत.

गाडी खरंच थांबली की पुढं झुकलेलं अंग हलकेच मागं सीटला टेकतं. ते जाणवेपर्यंत ब्रेक सोडायचा नाही. थांबायचं पांढऱ्या रेषेच्या अलीकडे. रेषा नसेल तर झेब्रा पट्ट्यांच्या आधी, तेही नसतील तर चौकात शिरण्याआधी. तिथून आडवा रस्ता दिसत नसेल तर आधी पूर्ण थांबून मगच हळूहळू पुढं सरकायचं. उगाच नाटक नाही हे. काचेच्या बाजूच्या खांबाआड अख्खा सायकलवाला लपतो, आणि आपली गाडी अन् तो आपापल्या ठरावीक वेगानं चौकाकडे येत राहिले तर तो लपलेलाच राहू शकतो. गाडी थांबली की तो खांबाबाहेर येतो.

मर्जीच्या आरोपावर मी वेळ घालवणार नाही. चाक फिरत होतं की नव्हतं, यात मर्जी कसली?

पुन्हा लिहाल तेव्हा मुलाकडून तो कागद मागवा आणि चार खुणा कुठं आहेत ते बघून लिहा. त्यातल्या दोन जरी चौकातल्या बघण्याच्या असतील, तर मुलानं पुढच्या टेस्टआधी पार्किंग सोडून फक्त चौकांचा सराव करावा.