छत्रीला एवढे पैसे?

"छत्रीला एवढे पैसे?" हा गिऱ्हाइकाचा प्रश्न, आणि त्याला पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत उत्तर द्यायचं हे माझं काम. 'उशीर का झाला?' याचं उत्तर द्यायला घरीसुद्धा मला याहून जास्त वेळ मिळतो.

त्यातले पहिले तीन सेकंद अंगठा थांबवण्यात जातात, कारण बघणारा पुढच्या व्हिडिओकडे निघालेलाच असतो. शेवटचे तीन नावाला आणि 'आत्ताच मागवा'ला. उरले नऊ. त्यात माणसासारखं बोललं तर वीसेक शब्द बसतात. छत्रीवाल्या मालकांनी मात्र दोन पानी मजकूर पाठवला होता. त्यात कापडाचा पोत होता, मुठीची पकड होती आणि धंदा सुरू करणारे आजोबा होते.

"आजोबा काढले," मी म्हटलं.

"अहो, त्यांच्यावरच तर लोकांचा विश्वास आहे!"

"लोकांना आजोबा माहीत नाहीत."

फोनवर शांतता पसरली. पंधरा सेकंदांहून नक्कीच जास्त.

'महाग' म्हणणाऱ्याचं दुखणं बहुतेक वेळा वेगळंच असतं. त्याची मागची छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झालेली असते, आणि आता तिप्पट पैसे मोजूनही तेच होणार अशी त्याला धास्ती. मालकांचा उपाय होता 'आज निम्म्या किमतीत'. त्यावर गिऱ्हाईक म्हणणार, म्हणजे कालची किंमत खोटी होती तर!

म्हणून मी पहिल्याच सेकंदाला गिऱ्हाइकाचं वाक्य जसंच्या तसं पडद्यावर टाकलं. आवाज बंद ठेवून बघणारे बरेच असतात, त्यामुळे मोठ्या अक्षरांत. आणि तळाशी नाही, तिथे अॅपची बटणं अक्षरं गिळतात. मग एक दांडगा पंखा. छत्री उलटी होते, बाई मूठ झटकते, छत्री सुलटी. पुन्हा उलटी, पुन्हा सुलटी. मध्ये एकही कट नाही. कट दिसला की लोक म्हणतात, छत्री बदलली. (मीही म्हणतो.) शेवटी एकच ओळ: 'काडी मोडली, तर दोन वर्षं मोफत बदलून.'

"खाली बारीक अक्षरांत 'अटी लागू' टाका," मालक म्हणाले.

"अट काय आहे?"

"वाऱ्यात वापरू नये."

ती अट काढून घ्यायला मला दुपार लागली. काढली नसती तर ओळच काढणार होतो. मोडकं वचन देण्यापेक्षा नुसता पंखा बरा.

जाहिरात लागली. चौथ्या सेकंदाला प्रेक्षकांचा आलेख एरवी कड्यावरून उडी मारतो, तो या वेळी सावकाश उतरला. खाली 'महाग आहे' म्हणणारे तुरळकच. बाकी सगळे एकच विचारत होते: "पंखा कुठल्या कंपनीचा?"