रिमोटला शिव्या देऊन झाल्या असतील तर जरा पासवर्डकडे बघा

स्मार्ट टीव्हीला वाय-फाय जोडायची वेळ आली की सगळा राग रिमोटवर निघतो. रिमोट त्या लायकीचा असतोच, नाही असं नाही. पण माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त छळ पासवर्ड ज्या धाटणीचा असतो त्यामुळे होतो, आणि तो आपण उगाच सोसतो.

पडद्यावरचा नेहमीचा कीबोर्ड डोळ्यांसमोर आणा. वर q ते p, मधे a ते l, तिसऱ्या ओळीत आधी शिफ्टचा बाण आणि मग z ते m, सगळ्यात खाली डाव्या कोपऱ्यात आकड्यांचं ?123. चौकट q वर उभी आहे. पासवर्डची सुरुवात समजा Kp7 अशी. मोठा K हवा, म्हणून दोनदा खाली, शिफ्टवर ओके. मग सात घरं उजवीकडे, एक वर, ओके. बटण १२ वेळा दाबून एक अक्षर. p जवळ आहे, चारांत होतं. आता ७ साठी ?123 गाठायचं, म्हणजे p पासून कीबोर्डच्या थेट दुसऱ्या टोकाला: तीन खाली, नऊ डावीकडे, ओके. आकडे उघडले की पुन्हा वर चढून सहा घरं उजवीकडे. बेरीज केली तर तीन अक्षरांना ३९ वेळा बटण! त्याच कीबोर्डवर kpm लिहायला १८ पुरतात. आणि Kp7 नंतर पुढचं अक्षर साधं असलं, तरी आकड्यांच्या पानावरून परत यायचा हेलपाटा आहेच. (टीव्हीगणिक मांडणी थोडी बदलते. काहींत चौकट उजव्या कडेवरून थेट डाव्या कडेला जाते, तेवढीच मेहरबानी.)

एवढं करून ‘पासवर्ड चुकीचा आहे’. कुठे चुकलं ते टीव्ही सांगत नाही, कारण ते त्यालाही ठाऊक नसतं. WPA2 या वाय-फायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत पासवर्ड राउटरकडे जातच नाही. टीव्ही आणि राउटर दोघंही आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन ४०९६ फेऱ्यांचं गणित करतात, त्यातून किल्ली बनवतात, आणि दोन्ही किल्ल्या जुळतात का एवढंच पाहतात. एक अक्षर हुकलं की किल्ली पूर्णच वेगळी. ‘जवळपास बरोबर’ असा प्रकारच नाही. म्हणून पहिलं अक्षर टाकायच्या आधी ‘पासवर्ड दाखवा’ किंवा डोळ्याचं चिन्ह चालू करा. ठिपक्यांत लपवून कोणापासून वाचवायचंय? समोर बसलेत ते घरचेच.

सगळी अक्षरं डोळ्यांदेखत बरोबर आहेत, त्याच पासवर्डने फोन जोडला जातोय, तरी टीव्ही नाहीच म्हणतो? मग टायपिंग सोडा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षा फक्त WPA3 या नव्या पद्धतीवर ठेवली आहे का ते पाहा. जुन्या टीव्हींना ते झेपत नाही. WPA2/WPA3 असा मिश्र पर्याय निवडला की काम होतं.

आता मुद्द्याचं. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह असल्याशिवाय पासवर्ड मजबूत होत नाही, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. हिशेब वेगळंच सांगतो. कीबोर्डवरच्या ९४ चिन्हांतून वाटेल तशी उचललेली १० अक्षरं घेतली तर साधारण ५४ वर अठरा शून्यं इतके पासवर्ड होऊ शकतात. फक्त छोट्या लिपीतली, तशीच वाटेल तशी उचललेली १४ अक्षरं घेतली तर ६४ वर अठरा शून्यं. म्हणजे चार अक्षरं वाढवली आणि शिफ्ट-चिन्हांची सगळी कटकट गेली, वर पासवर्ड काकणभर जास्तच मजबूत. WPA2 चा नियम फक्त ८ ते ६३ अक्षरांचा आहे. मोठं अक्षर हवंच, असं तो म्हणत नाही. मात्र अक्षरं खरोखर वाटेल तशी हवीत; मुलांची नावं जोडून केलेली चौदा अक्षरं या हिशेबात बसत नाहीत.

मुख्य पासवर्ड बदलला तर घरातला प्रत्येक फोन पुन्हा जोडावा लागतो, ते नको असेल तर राउटरवर गेस्ट नेटवर्क चालू करून त्याला हा पासवर्ड द्या आणि टीव्ही तिकडे टाका. यात एक अडचण आहे. बहुतेक राउटर गेस्टवरच्या उपकरणांना मुख्य नेटवर्कपासून तोडतात, त्यामुळे फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवता येत नाही. नुसतं टीव्हीवरच बघणाऱ्यांना याने काही फरक पडत नाही.

राउटर आपल्या ताब्यातला नसेल, तर टीव्हीच्या मागच्या यूएसबीत कॉम्प्युटरचा साधा कीबोर्ड खुपसून बघा. बऱ्याच टीव्हींना तो लगेच कळतो. पासवर्ड टाका, कीबोर्ड काढून घ्या. फोनवरच्या रिमोट ॲपच्या भरवशावर मात्र राहू नका. त्यातल्या बऱ्याच ॲपना टीव्ही आधीच त्याच वाय-फायवर असावा लागतो.