सदर विद्यार्थिनी चांगल्या वर्तणुकीची आहे

शिफारसपत्र मागायला येणाऱ्या मुली बहुतेक बीएडला निघालेल्या असतात, नाहीतर बँकेत. सही, शिक्का, दोन मिनिटांचं काम. पण एखाद्या वर्षी तुमची साडेसाती सुरू होते आणि दारात उभी राहिलेली मुलगी म्हणते, "सर, तत्त्वज्ञानात मास्टर्स करायचंय, परदेशात. मी युक्तिवाद कसा करते आणि स्वतंत्र विचार करते का, यावर पत्रात लिहा म्हणून त्यांनी कळवलंय."

घाबरू नका. मी लातूरकडच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवतो, त्यातली चौदा विभागप्रमुख म्हणून. विभागात कायम असा मी एकटाच, त्यामुळे प्रमुखपदासाठी फार चुरस झाली नाही. या अनुभवाचा तुम्हाला फायदा व्हावा म्हणून लिहितो आहे.

पहिली गोष्ट, तिचा निबंध वाचायला घेऊ नका. अर्जासोबत लेखनाचा नमुना म्हणून ती काही हजार शब्दांचा निबंध जोडणार असते आणि तुम्हालाही एक प्रत देते. ती गोडीनं घ्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवा. निबंध वाचला की त्यात काय आहे ते कळतं, आणि कळलं की पत्रात लिहावं लागतं. न वाचलेल्या निबंधाची स्तुती कितीही करता येते.

आता मजकूर. जुनी फाईल उघडा, मागच्या मुलाचं नाव खोडून हिचं घाला, क्रियापदांची लिंगं बदला. 'सदर विद्यार्थिनी नियमित, आज्ञाधारक व मनमिळाऊ असून तिने एनएसएस शिबिरात हिरिरीने भाग घेतला आहे.' आज्ञाधारक हा शब्द विसरू नका. पत्र वाचणारी मंडळी आयुष्यभर एकमेकांचं म्हणणं खोडण्याचा पगार घेतात. कोणाचंही म्हणणं न खोडणारी मुलगी लातूरहून येते आहे हे वाचून त्यांना किती बरं वाटेल!

मग युक्तिवादाचं कलम. इथे 'तिची युक्तिवादक्षमता असामान्य आहे' एवढं पुरे. न्यायदर्शनात दुसऱ्याला पटवायच्या अनुमानाचे पाच अवयव सांगितलेत. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत, हे उदाहरण. इथेही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. शिफारसपत्रात आपण पहिला अवयव लिहायचा, तोच शेवटी जोरात पुन्हा लिहायचा आणि मधले तीन जागेअभावी गाळायचे. हे मी मुलांना दर जुलैत शिकवतो आणि दर डिसेंबरात स्वतः विसरतो. दोन्हींत सातत्य आहे.

तसा या मुलखाला प्रमाणपत्रांचा इतिहास जुना आहे. ज्ञानदेव आणि भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिथल्या ब्रह्मवृंदाचीही एक अट होती, दाखवा. निदान रेड्याच्या तोंडून वेद तरी ऐकवावे लागले. आपल्या पत्रात रेडाही नसतो.

राहिली मौलिकता. 'असा विचार यापूर्वी कोणीही मांडलेला नाही' असं बेधडक लिहा. कोणी काय मांडलंय हे तपासायला ग्रंथालयात जावं लागेल, आणि तिथली किल्ली शिपायाकडे असते. विद्यापीठानं पाठवलेल्या लिंकवर एक तक्ताही असतो, ही विद्यार्थिनी तुमच्या वर्गाच्या पहिल्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? डोळे झाकून पहिला चौकोन भरा. माझ्या वर्गात त्या वर्षी सात मुलं होती. सातातला एक टक्का म्हणजे एका मुलीचा साधारण चौदावा हिस्सा झाला. तेवढी हुशार ती असेलच.

आता पत्र कसं लिहू नये याचा नमुना देतो. आमच्याकडे तासिका तत्त्वावर एक सर होते. लेटरहेड नाही, कॉलेजचा ईमेल नाही, मानधन कधी येईल याचा पत्ता नाही. मुलीनं दोन पत्रांपैकी एक माझं घेतलं, पदामुळे, आणि दुसरं त्यांचं, का ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी त्या पत्राला चार संध्याकाळी घातल्या. आमचे बडेबाबू दोनदा येऊन म्हणाले, "सर, एवढं काय लिहायलाव? सही ठोका की." ते आपले लिहीतच. त्यांचा कच्चा मसुदा माझ्या टेबलावर राहिला होता, म्हणून सांगू शकतो.

सुरुवातच चुकीची. आपण तिला कधीपासून, कोणत्या विषयात ओळखतो हे एका ओळीत सांगून ते थेट तिच्या एका युक्तिवादावर आले. अख्ख्या पत्रात एकच! प्रश्न असा होता. चार्वाक म्हणतात, अनुमान भरवशाचं नाही, कारण 'जिथे धूर तिथे आग' ही व्याप्ती आपण सगळीकडे, सगळ्या काळात जाऊन पाहिलेली नसते. यावर साधारण हजार वर्षांपूर्वी न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत उत्तर दिलं, 'व्याघातावधिराशङ्का', म्हणजे शंकेला हद्द असते आणि ती हद्द म्हणजे व्याघात. शंका घेणाऱ्याच्या वागण्याशीच शंका भांडायला लागली की तिथे ती थांबते. पुढे त्याच दर्शनाच्या गंगेशांनी हे उलगडून सांगितलं, धूर हवा असला की तू विस्तवच आणतोस ना? पोट भरायला जेवतोस ना? मग विस्तवानं धूर होईल का, अशी शंका तुला खरोखर आहे असं कसं मानायचं?

हे सगळं मी वर्गात लिहून देतो. मुलं उतरवून घेतात. ही मुलगी मात्र, पत्रात लिहिल्याप्रमाणे, तास संपल्यावर त्या सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, आमचे आप्पा दर जूनमध्ये पेरतात. पाऊस येईल याची त्यांना खात्री नसते. दोनदा दुबार पेरणी झालीय. तरी पेरतात, कारण नाही पेरलं तर काहीच येणार नाही हे नक्की. मग ते पेरतात यावरून त्यांना शंका नाही असं कसं म्हणायचं?"

कृती शंका असतानाही होते, शहाणपणानं होते, म्हणून कृतीवरून शंकेचा अभाव सिद्ध होत नाही. सरांनी हे जसंच्या तसं लिहिलं. इथवर थांबले असते तर मी माफही केलं असतं. पण पुढे त्यांनी लिहिलं की तिच्या पहिल्या मसुद्यात एक भोक होतं आणि ते तिनंच शोधलं. कोणी न सांगता उदयनांची बाजू घेऊन तिनं स्वतःलाच अडवलं, आप्पांना पावसाची शंका आहे, पण सोयाबीन पेरलं तर सोयाबीनच उगवेल, तूर नाही, याची शंका आहे का? नाही. पावसावरचा त्यांचा जुगार या न तपासलेल्या भरवशावरच उभा आहे, आणि उदयन त्या भरवशाबद्दलच बोलतात. मग तिनं तिसऱ्या मसुद्यात आपला दावा लहान केला. उदयन खोटे ठरले असं ती आता म्हणत नाही. एवढंच म्हणते की कृतीवरून खात्री सिद्ध होत नाही, फार तर काही एक विश्वास सिद्ध होतो, आणि चार्वाकाला तेवढा विश्वास 'खरा ठरेल असं वाटणं' म्हणून परवडतो.

बघा, विद्यार्थिनीनं आपलाच दावा आखडता घेतला हे शिफारसपत्रात सांगायची गोष्ट आहे का? सर म्हणे, पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, इतक्या ताकदीनं मांडायचा की स्वतःला हलावं लागेल, आणि हलल्यावर किती हललो ते मोजून सांगायचं, युक्तिवादाचं कौशल्य म्हणजे दुसरं काय. निबंधात शेवटचाच मसुदा दिसतो, आधीचे दोन कसे पडले ते फक्त शिक्षकाला ठाऊक, म्हणून ते पत्रातच यायला हवं. तरुण माणूस, दुसरं काय!

मौलिकतेवर तर त्यांनी कहर केला. तिचा विचार यापूर्वी कोणी मांडला नाही असं लिहायचं सोडून, उदयनांना मोडणारा पहिला माणूस ही नव्हे, असं लिहिलं. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षानं खंडनखंडखाद्यात उदयनांचाच श्लोक घेऊन त्यातले मोजके शब्द बदलले आणि तो त्यांच्यावरच उलटवला, व्याघात आहे म्हणता म्हणजे शंका आहेच, कारण भांडायला दोघं लागतात. मग व्याघात शंकेची हद्द कसा ठरेल? मुलीनं श्रीहर्ष वाचलेला नव्हता. सरांनी नंतर दिला. ती वाचून आली आणि म्हणाली, "हे माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण हे माझं नाही. ते व्याघाताच्या अर्थाला धरतात, मी पेरणीला." दोन वाटा कुठे फुटतात हे तिला नेमकं दाखवता आलं, आणि आपण तिला मौलिक म्हणतो ते एवढ्याच अर्थानं, असं सरांनी लिहून ठेवलं. वर उणिवाही नोंदवल्या. संस्कृत कच्चं आहे, मूळ मजकूर भाषांतरातून वाचते. ह्यूम या पाश्चात्त्य तत्त्वज्ञावरचं प्रकरण पुस्तकी आहे, तिथे ती स्वतः बोलत नाही. टक्क्यांच्या तक्त्यात चौकोन रिकामा सोडून शेजारी लिहिलं, 'वर्ग सात जणांचा आहे. सात वर्षांत मी शिकवलेल्यांत युक्तिवादात ही पहिली.'

इतकं खरं लिहिल्यावर मुलीचं नुकसान होणार हे मी तिला प्रेमानं सांगितलं. माझं पत्र सोबत आहे म्हणून धीर दिला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मला तिकडून ईमेल आला. दोन ओळींचा, फार सभ्य. आपण हिचा एक विचार पूर्णपणे मौलिक असल्याचं म्हटलं आहे, तो कोणता हे कृपया कळवाल का?

मी त्या सरांना गाठायला गेलो, तर त्यांच्या तासिका मार्चमध्येच संपलेल्या. नवीन जाहिरात निघेपर्यंत ते कुठे असतात हे कार्यालयाला माहीत नाही. ड्रॉवर उघडला, तर निबंधाच्या मागच्या कोऱ्या पानांवर बडेबाबूंनी परीक्षेची आसनव्यवस्था छापून घेतलेली. शेवटी मुलीलाच फोन लावला. मागे तिफणीचा आवाज, कोणीतरी बैलांवर ओरडत होतं.

"सर, नंतर करू का? पेरणी चालूय."

मी विचारलं, "पाऊस येणार हे नक्की आहे का?"

"नाही सर," ती म्हणाली, आणि फोन ठेवून चाड्यावर मूठ धरायला गेली.