सहीच्या वरची ओळ

अनामत रक्कम परत मिळावी एवढ्या एका मागणीसाठी लिहिलेले माझे इंग्रजी पत्र परवा आवक-जावकच्या खिडकीवरून परत आले. मागणी रास्त होती, पावतीची प्रत जोडलेली होती, सहीसुद्धा माझीच होती. आक्षेप होता तो सहीच्या वरच्या ओळीवर, आणि तो खिडकीच्या आतल्या माणसाने घेतलेला नव्हता. रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी तो घेतला. या गृहस्थांचा माझ्या अनामत रकमेशी, माझ्याशी, आणि नंतर कळले त्याप्रमाणे त्या कार्यालयाशीही काडीचा संबंध नव्हता. ते बिचारे दुसऱ्याच कुठल्यातरी खिडकीच्या रांगेत उभे राहायचे ते चुकून आमच्या रांगेत उभे होते. पण चुकून उभा राहिलेला माणूस गप्प उभा राहील, असे थोडेच आहे?

ते माझ्या खांद्यावरून पत्र वाचत होते. वाचत होते म्हणजे ओठ हलवून, प्रत्येक शब्दाला मान डोलावून, माझ्या मजकुराला वेळोवेळी मंजुरी देत वाचत होते. शेवटच्या ओळीपाशी त्यांची मान थांबली.

"हे चालणार नाही," ते म्हणाले.

"काय चालणार नाही?"

"हे सिन्सिअरली. अहो, ऑफिसला लिहिताय ना? मग फेथफुली पाहिजे. सिन्सिअरली मित्राबित्राला लिहितात."

मी शक्य तितक्या सौम्यपणे त्यांना म्हणालो, "काका, पत्राच्या सुरुवातीला साहेबांचे आडनाव घालून 'डिअर मिस्टर अमुक' असे लिहिले आहे. म्हणून शेवटी 'युअर्स सिन्सिअरली' आहे."

"हो, तेही विचारणारच होतो. साहेबाला नावानं हाक मारता?"

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे की या प्रकरणी मी निर्दोष होतो. ब्रिटिश वळणाच्या पत्रलेखनात अखेर कशी करायची हे पत्राच्या विषयावरून ठरत नाही, भावनेवरून तर मुळीच ठरत नाही. ते ठरते मायन्यावरून. मायन्यात नाव नसेल, म्हणजे 'डिअर सर', 'डिअर मॅडम', किंवा वाचणारा पुरुष की स्त्री हे ठाऊक नसताना लिहितात ते 'डिअर सर ऑर मॅडम' असेल, तर अखेर 'युअर्स फेथफुली'. मायन्यात 'मिस्टर', 'मिसेस', 'मिस' किंवा 'डॉक्टर' लावून आडनाव असेल, तर 'युअर्स सिन्सिअरली'. सर आणि सिन्सिअरली या शब्दांचे आद्याक्षर एकच असल्यामुळे 'दोन एस एका पत्रात नांदत नाहीत' अशी खूण तिकडच्या शाळांतून मुलांना पाठ करायला देतात. पाकिटावर किंवा वरच्या पत्त्यात साहेबांचे नाव असले, पण मायना 'डिअर सर' असा केला, तरी अखेर फेथफुलीच. पत्त्यातल्या नावाला त्यात मत नाही. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी, इतका हा सरळ हिशेब आहे. पत्र तक्रारीचे आहे, अर्जाचे आहे की आभाराचे, याच्याशी त्याचे काही देणेघेणे नाही.

हे सगळे मी त्या गृहस्थांना ऐकवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, खिशातून पेन काढले, आणि माझ्या हातातल्या पत्रावर, शाईने, 'युअर्स'मधल्या शेवटच्या एसच्या आधी एक ठसठशीत अपॉस्ट्रॉफी काढला.

"हा राहिला होता," ते म्हणाले.

तो राहिलेला नव्हता. तो तिथे नसतोच. 'युअर्स' लिहिताना त्यात अपॉस्ट्रॉफी कधीही येत नाही. पहिले अक्षर मोठे, पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर लहान, आणि मायन्यानंतर स्वल्पविराम दिला असेल तर याही ओळीनंतर स्वल्पविराम, एवढाच काय तो या ओळीचा शृंगार. पण ज्याच्या स्वच्छ छापलेल्या पत्रावर परक्या माणसाच्या निळ्या शाईचा फराटा उमटला आहे, त्याला व्याकरण सुचत नाही. मला जे सुचत होते ते या लेखाच्या भाषेत बसणारे नाही.

"मी छत्तीस वर्षं कचेरीत काढलीत," ते पुढे म्हणाले. "हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. महोदय म्हणून सुरू केलेलं पत्र मी कधी सिन्सिअरलीनं संपू दिलं नाही."

आता हे मात्र खरे होते, आणि त्यातच त्यांच्या गैरसमजाचे मूळ होते. ब्रिटिशांनी घालून दिलेल्या पद्धतीच्या सरकारी कचेऱ्यांत साधे कार्यालयीन पत्र 'सर'ने सुरू होऊन 'युअर्स फेथफुली'ने संपते. अशी पत्रे आयुष्यभर टाइप करणाऱ्या माणसाला फेथफुली ही ऑफिसची खूण वाटू लागते. ती खरी तर वरच्या 'सर'ची सावली आहे, हे लक्षात येत नाही. पण त्याच कचेऱ्यांत पत्राचा आणखी एक प्रकार असतो आणि तो या गृहस्थांना ठाऊक नसणे अशक्य होते. म्हणून मी विचारले, "काका, डी.ओ. लिहीत होतात की नाही?"

"डी.ओ.?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, आमच्या साहेबांचे सगळे डी.ओ. माझ्याच हातचे. मायना आणि अखेर तेवढी साहेब स्वतःच्या हातानं लिहायचे. बाकी मजकूर टाइप, आणि वर-खाली शाई."

"आणि खाली शाईने काय लिहायचे?"

ते गप्प झाले. अर्धशासकीय पत्र, म्हणजे डी.ओ., एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला नावाने लिहायचे असते. पडून राहिलेल्या कामाकडे त्याचे व्यक्तिशः लक्ष जावे यासाठी ते असते. ते 'माय डिअर अमुक' किंवा 'डिअर श्री. अमुक' असे सुरू होते आणि 'युअर्स सिन्सिअरली'ने संपते. विषय पूर्णपणे कार्यालयीन असतो, तरीही सिन्सिअरली, कारण वर नाव असते. माझ्या पत्राची बाजू याहून भक्कमपणे मांडणे मला शक्य नव्हते.

"ते वेगळं," गृहस्थ अखेर म्हणाले. "तिथं साहेब साहेबाला लिहितो. तुम्ही कुठं साहेब आहात?"

या वाक्यावर रांगेतले दोघे-तिघे हसले. मला ते अजूनही विसरता आलेले नाही, कारण त्यात तथ्य होते. पत्रलेखनाच्या नियमाने मी बरोबर असलो, तरी त्यांच्या मते नाव घेणे हाच मुळी हक्काचा प्रश्न होता आणि तो हक्क अनामत रक्कम मागणाऱ्याला नसतो. सिन्सिअरलीवर त्यांचा राग नव्हताच. राग होता तो वरच्या आडनावावर. फेथफुलीत त्यांना एक प्रकारची अदब ऐकू येत होती. त्या शब्दाचा अर्थ धरून बसलो, तर ज्या कार्यालयाने माझे पैसे अडकवून ठेवले त्याच्याशी मी एकनिष्ठ असल्याची ग्वाही मलाच द्यावी लागणार होती.

अदबीचेच म्हणाल, तर 8 डिसेंबर 1941 रोजी चर्चिल यांनी लंडनमधील जपानी वकिलातीला पाठवलेले पत्र पाहावे. दोन देशांत युद्ध सुरू झाले आहे, हे कळवणारे ते पत्र. ते 'सर'ने सुरू होते आणि अत्यंत आदरपूर्वक आपला आज्ञाधारक सेवक असण्याचा मान मला आहे, अशा अर्थाच्या ओळीवर संपते. त्यावरून काहींनी नाके मुरडली, तेव्हा एखाद्याला ठार मारायचेच असेल तर सभ्यपणे वागायला काही खर्च येत नाही, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. म्हणजे युद्ध पुकारणारा पंतप्रधानसुद्धा अखेरची ओळ मायन्याला जुळवून घेतो आणि मनातले मजकुरात ठेवतो. माझ्या मजकुरातही माझ्या मनातले पुरेसे होते. ते मात्र कोणी वाचले नाही.

कारण तोपर्यंत खिडकीतल्या कारकुनाने आमचा संवाद ऐकून स्वतःचा निर्णय घेतला होता. माझ्या पत्रावरची शाई पाहून तो म्हणाला, "खाडाखोड आहे. आणि काका म्हणतात तसं ते खालचं दुरुस्तच करून आणा ना. उगाच वर पाठवलं आणि परत आलं तर?" अमेरिकेत असतो तर एवढा वाद झाला नसता, कारण तिथे नाव माहीत असो वा नसो, 'सिन्सिअरली' किंवा 'सिन्सिअरली युअर्स' लिहून लोक मोकळे होतात आणि फेथफुलीच्या वाटेला सहसा जात नाहीत. व्यावसायिक पत्रात मायन्यानंतर ते स्वल्पविरामाऐवजी अपूर्णविराम देतात, त्यावर त्या गृहस्थांनी काय केले असते याचा विचार करवत नाही.

बाहेरच्या बाकावर बसून पत्र हाताने पुन्हा लिहिताना माझ्यापुढे खरा पेच उभा राहिला. नुसती खालची ओळ बदलली असती, तर 'डिअर मिस्टर अमुक' आणि 'युअर्स फेथफुली' अशी जोडी झाली असती. नियम जाणणाऱ्याला ती लगेच खटकते: वर माणसाला नावाने ओळखायचे आणि खाली अनोळखी असल्यासारखा निरोप घ्यायचा. तसले पत्र माझ्या सहीने जाऊ देण्याची माझी तयारी नव्हती. जोडी राखायची आणि कारकुनाचेही समाधान करायचे, तर एकच मार्ग होता. मी साहेबांचे नाव पत्त्यातून काढले, मायन्यातूनही काढले, 'डिअर सर' लिहिले आणि खाली निष्ठापूर्वक 'युअर्स फेथफुली' केले. पत्र तत्काळ स्वीकारले गेले. पोच मिळाली. शिक्का तेवढा उलटा पडला होता.

शोधून काढलेले नाव मी हौसेने घातलेले नव्हते. अशा प्रकरणांचा निर्णय कोणत्या टेबलावर होतो, याची चौकशी करून मी ते मिळवले होते. नाव घातलेले पत्र निदान एका माणसाच्या टेबलावर पोहोचते आणि त्याला उत्तर देण्याची थोडी तरी लाज असते. 'डिअर सर'ला तसा कोणताही ठराविक सर नसतो. ते सगळ्या टेबलांवरून फिरते आणि प्रत्येक टेबलावरचा सर ते शेजारच्या सरचे आहे असे समजतो.

उत्तर आले ते ई-मेलने. मायना 'डिअर कस्टमर'. मजकुरात माझ्या पत्राची नोंद घेतली असून संबंधित विभागाकडे ते पाठवले आहे, एवढेच. अखेरीस 'वॉर्म रिगार्ड्स', त्याखाली 'टीम', आणि त्याखाली या ई-मेलला उत्तर देऊ नये अशी सूचना. लिहिणाऱ्याचे नाव नाही, हुद्दा नाही, विभागाचेही नाव नाही. वॉर्म रिगार्ड्स तेवढे होते. आता ते कुणाचे आहेत, याची चौकशी आवक-जावकच्या खिडकीवरच करावी, असे हेल्पलाइनवरच्या बाईंनी मला सांगितले आहे.