ग्राफमधला तो उंच हिरवा बार

आमच्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष दर तिमाहीला सभासदांसाठी व्हिडिओ करतात. शेअर बाजारातल्या कंपन्यांना, वर्षाची शेवटची तिमाही सोडली तर, तिमाही संपल्यावर 45 दिवसांत निकाल द्यावाच लागतो. आमच्यावर तशी सक्ती नाही, तरी भाऊ गोदामात सोयाबीनच्या थप्पीपुढं उभे राहून बोलतात. ग्राफ मी करून देतो.

ऑक्टोबर-डिसेंबरच्या व्हिडिओसाठी मी दोन बार काढले होते. जुलै-सप्टेंबरची विक्री 20 लाख, या तिमाहीची 81 लाख. हिरवा बार थेट वर गेला. भाऊंनी मोबाईल हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हे पाहून लोकायले वाटन कंपनी चौपट झाली. सोयाबीन तं दिवाळीच्या टायमालेच येते ना बाप्पा."

खरं होतं. पावसाळ्यात आमच्याकडं खत, औषधं आणि उरलासुरला माल एवढीच विक्री. हंगामी धंद्यात मागच्या तिमाहीशी तुलना करून काही कळत नाही, मागच्या वर्षीच्या याच तिमाहीशी करावी लागते. ती विक्री होती 90 लाख. म्हणजे आम्ही 10 टक्क्यांनी घटलो होतो.

मी नवा ग्राफ काढला, तर वेगळीच पंचाईत. सॉफ्टवेअरनं आकड्यांची उभी पट्टी आपसूक 75 पासून सुरू केली. त्यामुळं 90 चा बार 15 घरं उंच आणि 81 चा फक्त 6 घरं. पाहणाऱ्याला वाटावं, धंदा निम्म्याहून खाली आला. पट्टी शून्यापासून घेतली तेव्हा कुठं घट जेवढी होती तेवढीच दिसली. म्हणून माझं ठाम मत आहे की बारच्या ग्राफची पट्टी शून्यापासूनच हवी, आकडे आपल्या सोयीचे असोत वा नसोत.

नुसती घट दाखवून भागत नाही, कारणही सांगावं लागतं. भाव दोन्ही वर्षी सरासरी साडेचार हजार रुपये क्विंटल होता. माल मात्र 2,000 क्विंटलवरून 1,800 वर आला. सोंगणीच्या वेळी पाणी आलं, दाण्यात ओलावा राहिला. 12 टक्क्यांच्या वरचा माल आम्ही घेतला नाही, मग तो गावातल्या व्यापाऱ्याकडं गेला. भाऊंनी हे जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या हंगामाआधी वाळवणीसाठी ताडपत्र्या घेऊ, हेही सांगितलं.

मला सगळ्यात भावलं ते यानंतरचं. 81 लाखांपैकी 23 लाख खरेदीदारांकडून यायचे होते. विक्रीच्या बारमध्ये ही उधारी दिसतच नाही, कारण बिल फाटलं की विक्री धरली जाते, पैसा येवो न येवो. मी भाऊंना म्हटलं, हे पुढच्या सभेत सांगू. ते म्हणाले, "ज्याचे चुकारे अडकले तो सभेची वाट पाहीन का?" मग मी त्याच बारमधला 23 लाखांचा तुकडा लाल केला. छोट्या मोबाईलवर अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून भाऊंनी तो आकडा तोंडानं दोनदा सांगितला आणि चुकाऱ्याची तारीखही दिली.

रात्री ग्रुपवर एका काकाजींचा व्हॉइस मेसेज आला: "लाल किती राहिलं, ते दर आठवड्याले सांगत जा." आता दर शनिवारी मी तो आकडा टाकतो. काल 14 लाख होता.